शेल्फवरचं नवं पाकीट: दोन फेसिंग, चार फूट आणि आपले डोळे

समजा दारव्हा-दिग्रसकडच्या एखाद्या शेतकरी कंपनीनं ठरवलं की आता तूर अडत्याला द्यायची नाही, डाळ करून अर्ध्या किलोच्या पाकिटात आपल्याच नावानं विकायची. नागपूरच्या डिझायनरनं पाकीट तयार केलं आणि सोबत एक चित्र पाठवलं: सुपरमार्केटचं शेल्फ, बरोब्बर मधोमध आपली आठ पाकिटं ओळीनं उभी, आजूबाजूला दुसऱ्या कंपन्यांची पाकिटं जराशी पुसट, वरून मस्त लाइट. मीटिंगमध्ये सगळे खूश, फोटो लगेच ग्रुपवर.

पण असं शेल्फ तालुक्याच्या कोणत्याच मार्टमध्ये नसतं, आणि अडचण अशी की पाकीट चांगलं की वाईट हे आपण त्या चित्रावरूनच ठरवतो. पाउचची छपाई मोठ्या प्रमाणात करायची तर प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर बनवावा लागतो, आणि एकदा तो बनला की बदल म्हणजे नवा खर्च. म्हणून छापायच्या आधीच शेल्फचं खरंखुरं वाटेल असं चित्र करून पाकीट त्यात टाकून पाहायचं. खरंखुरं म्हणजे नेमकं कसं, त्याला थोडी मोजपट्टी लागते आणि थोडी डोळ्याची माहिती.

आधी फेसिंग. रॅकसमोर उभं राहिलं की एका मालाची जेवढी पाकिटं पहिल्या रांगेत दिसतात तेवढे त्याचे फेसिंग, मागं कितीही लपलेली असली तरी ती मोजायची नाहीत. आता आपलं रॅक ९० सेंटीमीटर रुंद धरा, पाकीट भरल्यावर साधारण १४ सेंटीमीटर, म्हणजे एका फळीवर सहा फेसिंग बसतात, तेही पाकिटं शहाण्यासारखी सरळ उभी राहिली तर, डाळीचं पाउच कधी कलतं, कधी शेजारच्याच्या अंगावर जातं. तूर डाळीला अशा तीन फळ्या मिळाल्या असं धरलं तर झाले अठरा. ह्यातले सात जुन्या नावाजलेल्या ब्रँडचे, सहा दुकानदारानं स्वतः पारदर्शक पिशवीत भरून स्टिकर लावलेल्या डाळीचे, तीन दुसऱ्या एका कंपनीचे, आणि आपल्या नव्या पाकिटाला उरले दोन. हे आकडे मी समजायला धरलेत, पण दुकानदाराचा हिशोब असाच चालतो, जे जास्त खपतं त्याला जास्त जागा, आणि नव्याचं अजून काहीच खपलेलं नसतं. आठ फेसिंग दाखवणारं चित्र म्हणजे निकाल लागायच्या आधीच पेढे.

दोन फेसिंग कमी वाटतात, पण त्यांचा एक फायदा नीट समजून घ्यायला हवा. फळी ४० सेंटीमीटर खोल आणि भरलेलं पाकीट ६ सेंटीमीटर जाड धरलं तर एका फेसिंगमागं सहा पाकिटं बसतात, दोन मिळून बारा. एकच फेसिंग असलं तर आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारपर्यंत सहा संपली की तिथं भोक पडतं, आणि शेजारचा ब्रँड सरकून ते भोक कधी भरून टाकतो कळतही नाही. १९९४ साली ड्रेझ, होक आणि पर्क ह्या संशोधकांनी शिकागोच्या दुकानांतल्या प्रयोगांवरून हेच दाखवलं होतं: माल संपून जागा रिकामी पडणार नाही एवढे फेसिंग झाले की त्यापुढं फेसिंग वाढवून विक्री फारशी हलत नाही, माल कुठल्या जागी ठेवलाय त्यानं जास्त फरक पडतो. पुढं २०१४ मध्ये आयझेंड ह्यांनी अशा बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब केला, त्यात सरासरी अशी आली की जागा १ टक्का वाढली तर विक्री साधारण ०.१७ टक्का वाढते. ह्या हिशोबानं जागा दुप्पट केली तर विक्री साडेबारा टक्के वाढते, म्हणजे आठवड्याला ४० पाकिटं जात असतील तर ४५. सरासरी आहे ती, आपल्या गावातल्या मार्टमध्ये तस्सं होईलच असं नाही, पण दोनाचे चार फेसिंग करायला दुकानदाराच्या मागं लागायचं की दोनच ठेवून जागा बदलून मागायची, हे ठरवायला पुरेशी आहे.

जागा म्हटलं की सगळे म्हणतात "आय लेव्हल". ठीक आहे, पण कोणाच्या डोळ्याची लेव्हल? आपल्याकडं बाईची उंची सरासरी पाच फुटांच्या आसपास, डोळे त्याच्या दहा-अकरा सेंटीमीटर खाली, म्हणजे जमिनीपासून साधारण १४० सेंटीमीटरवर. शिवाय माणूस सहज उभा राहिला की नजर सरळ समोर नसते, दहा-पंधरा अंश खाली झुकलेली असते. छोट्या मार्टमधली गल्ली अरुंद, गिऱ्हाईक रॅकपासून ७५ सेंटीमीटरवर उभं, तर नजर रॅकवर टेकते ती डोळ्यांच्या तेरा ते वीस सेंटीमीटर खाली. म्हणजे १२० ते १२७ सेंटीमीटर, चार फूटच म्हणा नं. पाकिटाचा मधला भाग तिथं यायचा तर फळी ११० सेंटीमीटरवर पाहिजे. चित्रात मात्र पाकीट पाच-सव्वापाच फुटांवर दाखवलेलं असतं, कारण ते काढणारा उंच असतो किंवा त्यानं परदेशी स्टोअरचा फोटो समोर ठेवलेला असतो. त्या उंचीवर आपल्या काकूंना मान वर करून पाहावं लागेल. डाळ घेताना मान वर करून कोण पाहते बावा.

आणि खालची फळी? तिथं गणित फारच निर्दय आहे. पाकिटाचा मध्य जमिनीपासून २५ सेंटीमीटरवर असेल तर १४० वरचे डोळे आणि पाकीट ह्यांत तिरकं अंतर १३७ सेंटीमीटर होतं, म्हणजे पाकीट समोरच्या फळीवरच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट लांब, वर आपण ते सत्तावन्न अंश खाली वाकड्या नजरेनं पाहतो म्हणून त्याची उंची आणखी दबते. दोन्ही मिळून डोळ्यात पडणारं पाकिटाचं क्षेत्र समोरच्या फळीवरच्या पाकिटाच्या साधारण एक षष्ठांश. तेच पाकीट, तेवढाच छपाईचा खर्च, आणि दिसतं सहावा हिस्सा. फक्त एक आहे, तीन मीटरवरून चालत येताना हा फरक खूप कमी असतो, तेव्हा नजर फारशी वाकडी नसते. म्हणून खालच्या फळीवरच्या पाकिटाला जे काही सांगायचं ते लांबूनच सांगावं लागतं, म्हणजे मोठ्या रंगानं. बारीक अक्षरं तिथं वाया जातात.

आता रंगाचं. हात लांब करून अंगठ्याकडं पाहा. डोळ्याला एका वेळी अगदी स्पष्ट दिसतं ते अंगठ्याच्या रुंदीएवढंच, साधारण दोन अंश, ७५ सेंटीमीटरवर ते जेमतेम अडीच सेंटीमीटर होतं. बाकी सगळं धूसर, आपल्याला जाणवत नाही कारण डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारत राहतो. पुढची उडी कुठं मारायची हे धूसर भागात जे ठळक वाटतं त्यावरही ठरतं, आणि धूसर भागात अक्षरं चालत नाहीत. हर्मान बौमा ह्या डच संशोधकानं १९७० मध्ये एक ढोबळ नियम मांडला: नजरेपासून एखादी गोष्ट जेवढी लांब, त्याच्या साधारण निम्म्या अंतरात दुसरं काही असलं की दोन्हीचा गिचका होतो. नजर आपल्या पाकिटापासून ४० सेंटीमीटरवर असली तर २० सेंटीमीटरच्या आतले शेजारी त्रास देणार, आणि शेजारचं पाकीट तर १४ सेंटीमीटरवरच आहे. म्हणजे नाव कितीही सुंदर लिहिलं तरी त्या क्षणी ते वाचता येणार नाही, रंगाचा ठोकळा तेवढा पोचतो. दोन फेसिंग चिकटून ठेवले तर तो ठोकळा २८ सेंटीमीटरचा होतो, हे दोन फेसिंगचं दुसरं काम. दोन टोकांना एकेक ठेवलं तर ते गेलं.

पण तूर डाळीची खरी पंचाईत वेगळीच आहे, डाळच पिवळी. फटका डाळ दिसावी म्हणून सगळे पाकिटाला पारदर्शक खिडकी ठेवतात, दुकानदाराची पिशवी तर अख्खीच पारदर्शक, मग पूर्ण फळी पिवळी. आपल्या डिझायनरनंही "डाळ म्हणजे पिवळा" म्हणून पिवळं पाकीट केलेलं असतं. एकाच रंगाच्या गर्दीत वेगळ्या रंगाची एखादी गोष्ट न शोधता डोळ्यात भरते, ट्राइझमन आणि गेलेड ह्यांनी १९८० मध्ये हे प्रयोगांनी दाखवलं, पण अट अशी की ती शेजाऱ्यांपेक्षा वेगळी पाहिजे. गर्द निळं पाकीट ह्या फळीवर उठून दिसेल, शेजारी निळा ब्रँड आला की संपलं. म्हणून पांढऱ्या कागदावर पाकीट पाहून रंग पास करणं मला तरी अर्धवट काम वाटतं. ज्या चार-पाच मार्टमध्ये माल जाणार तिथल्या डाळीच्या रॅकचे समोरून सरळ फोटो काढा, दुकानदार भाऊला विचारून, आणि त्यात पाकीट बसवा. शेजारची पाकिटं पुसट करू नका. एखादं कललेलं असू द्या, एका जागी माल संपलेला असू द्या, आणि फळीच्या पुढं तारेची जाळी किंवा भावाची पट्टी असते ती पाकिटाचा खालचा पाच-सहा सेंटीमीटर भाग झाकते तीही काढा, खाली लिहिलेलं नाव किंवा वजन गायब होणार असेल तर ते इथंच कळतं.

चित्र मोबाईलवर दाखवायचं नाही. मोबाईलवर अख्खं रॅक हाताएवढं होतं, सगळं एका नजरेत मावतं, सगळ्यांनाच पाकीट लगेच सापडतं. तालुक्याला फ्लेक्स छापणारे असतातच, रॅकच्या मापाचा फ्लेक्स छापा, खालची कड जमिनीला टेकवून टांगा आणि लोकांना ७५ सेंटीमीटरवर उभं करा. दोन फ्लेक्स, एकात आपले दोन फेसिंग चार फुटांवर, दुसऱ्यात सगळ्यात खाली, बाकी सगळं तेच. प्रत्येक फ्लेक्ससाठी वेगळी माणसं घ्या कारण एकदा पाहिलेलं डोळा विसरत नाही, आणि कंपनीचे सभासद किंवा त्यांच्या घरचे नकोत. आधी काही न सांगता विचारा, "ताई, ह्यातली कोणती डाळ घ्याल?", पाच-सहा सेकंदांनी फ्लेक्स झाकून काय काय दिसलं ते विचारा, आणि मग शेवटी आपलं पाकीट हातात देऊन हे शोधा म्हणा, मोबाईलवर वेळ लावा.

वरच्या जागी सापडलं आणि खालच्या जागी नाही, तर पाकीट बरं आहे, जागेसाठी दुकानदाराशी बोलायचं. दोन्हीकडं नाही आणि कोणी म्हणालं "काय सांगू, पिवळं पिवळं सगळं एकसारखंच दिसते", तर रंग बदला, सिलिंडर बनायच्या आधी. तिसरी शक्यता जरा अवघड: दिसलं सगळ्यांना, आठवलंही, पण घेतलं कोणी नाही. शांडाँ आणि त्यांच्या सोबत्यांनी २००९ मध्ये शेल्फची चित्रं दाखवून लोकांची नजर मोजली होती, त्यात मधल्या फळीवरचा माल खालच्यापेक्षा जास्त पाहिला गेला पण त्यामुळं लोकांचं मत काही चांगलं झालं नाही, पाहणं आणि आवडणं वेगळं निघालं. असं झालं तर पाकिटाला हात न लावता आधी अर्ध्या किलोचा भाव शेजारच्या पाकिटाशी लावून पाहायचा.