31 मार्चची तरतूद आणि 1 एप्रिलची उलट नोंद

बडोद्याच्या पेढ्यांवर हिशेबाचे वर्ष दिवाळीला संपायचे. चोपडा पूजन झाले की कार्तिकात नवी वही उघडायची. विजेचे बिल आणि जागेचे भाडे पैसे दिले त्या दिवशी लिहायचे. बिल कुठल्या वर्षाचे, हा प्रश्न क्वचितच पडे, कारण दरवर्षी बाराच बिले भरली जात.

दोन कायद्यांनी हे बदलले. 1988 च्या दुरुस्तीने कंपन्यांना उपार्जित पद्धतीनेच वह्या ठेवणे बंधनकारक झाले, म्हणजे पैसे दिले नसले तरी खर्च ज्या काळाचा त्याच काळात धरायचा. 1 एप्रिल 1989 पासून आयकरासाठी सगळ्यांचे वर्ष 31 मार्चला संपू लागले. पुढे बँकांना आणि मालकांना दरमहा नफातोटा हवासा झाला आणि बिल न आलेल्या खर्चाची नोंद, म्हणजे तरतूद, करण्याचे वर्षाअखेरचे काम महिनाअखेरीला आले.

मकरपुऱ्यातल्या एखाद्या वर्कशॉपचे उदाहरण घ्या. मीटर 12 तारखेला वाचतात, म्हणजे 13 ते 31 मार्च या 19 दिवसांची वीज वापरली गेली, पण बिल नाही. 31 ला संध्याकाळी मीटरचा आकडा टिपला. 4,560 युनिट, सरासरी दर 8 रुपये, म्हणून 36,480 रुपये. वीजखर्च नावे, देय वीजखर्च जमा. 1 एप्रिलला हीच नोंद उलटी. मग 60,000 चे बिल आले की पूर्ण रक्कम नेहमीसारखी वीजखर्चाला टाकायची. एप्रिलला उरतात 23,520, म्हणजे 12 दिवसांचा वाटा. बिल येईपर्यंत एप्रिलच्या वीजखर्चात जमा शिल्लक दिसते. ती चूक नव्हे, तिला हात लावू नये.

1 तारखेला उलट नोंद न करता, बिल आल्यावर त्यातून तरतूद वळती करणेही चालते, पण मग बिल लिहिणाऱ्याला मागची तरतूद आठवावी लागते. तो विसरला की 36,480 दोनदा खर्चात जातात, आणि देय खात्यात महिनोन्‌महिने न हलणारी शिल्लक उरते. ही चूक त्या शिल्लकेवरूनच पकडता येते. पहिल्या तारखेची उलट नोंद रुळली ती यासाठीच.

टॅलीत Reversing Journal हे नाव पाहून अनेकजण फसतात. ते व्हाउचर फक्त सिनॅरिओत, म्हणजे तात्पुरत्या अंदाजी अहवालात, दिसते, खऱ्या वहीत खर्च पडतच नाही. साधी Journal दोनदा करावी: 31 ला सुलटी, 1 ला उलटी.

भाड्याचे तसे नाही. रक्कम करारात ठरलेली असते, अंदाज लागत नाही. शिवाय 1994 मध्ये आलेल्या आयकराच्या 194-आय कलमाने सस्पेन्ससारख्या तात्पुरत्या खात्यात जमा केलेले भाडेही जागामालकाला जमा केल्यासारखेच धरले. रक्कम मर्यादेबाहेर असेल तर टीडीएस तेव्हाच कापावा लागतो. 60,000 भाडे असेल तर 31 मार्चलाच 54,000 जागामालकाच्या आणि 6,000 टीडीएसच्या खात्यात जमा करून मोकळे व्हावे. उलट नोंद करू नये, नाहीतर कापलेला कर 30 एप्रिलच्या भरण्याआधीच वहीतून पुसला जातो.