पेट्रोल इंजिनाचे चार स्ट्रोक

पेट्रोल इंजिनात पिस्टन खाली, वर, खाली, वर असा चार वेळा सरकतो तेव्हा पेट्रोल एकदा पेटतं, या चार हालचालींना चार स्ट्रोक म्हणतात. जर्मनीत निकोलाउस ऑटोने 1876 साली चार स्ट्रोकचं इंजिन चालवून दाखवलं, ते मात्र गॅसवर चालायचं. गॅरेजमध्ये नवीन आलेल्या पोऱ्याला हे श्वासावरून पटकन कळतं, फक्त एक फरक लक्षात ठेवायचा, आपण एकाच नाकाने हवा आत-बाहेर करतो आणि इंजिनाला दोन दारं असतात, इनटेक वॉल्व आणि एक्झॉस्ट वॉल्व.

श्वास घेताना छाती फुगते, आत जागा होते आणि बाहेरची हवा आपोआप आत शिरते. सक्शन म्हणजे अगदी हेच, इनटेक उघडा, पिस्टन खाली, आणि बाहेरच्या हवेचा दाबच हवा-पेट्रोल आत ढकलतो. एअर फिल्टर चोंदला तर गाडी नाकावर रुमाल बांधून पळाल्यासारखी दमते ती म्हणूनच. मग दोन्ही दारं बंद, श्वास रोखलेला, पिस्टन वर येऊन तो माल दाबतो, हे कॉम्प्रेशन. पिस्टन टोकाला पोचायच्या जरा आधी प्लग ठिणगी टाकतो, माल पेटतो आणि पिस्टन जोरात खाली जातो, हा पॉवर स्ट्रोक (श्वासाची उपमा इथे संपते, आपल्या छातीत काही पेटत नाही). शेवटी एक्झॉस्ट उघडतो, पिस्टन वर येताना धूर बाहेर टाकतो, म्हणजे उच्छ्वास.

चार स्ट्रोकला क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो तो दांडा, दोन फेऱ्या मारतो आणि वॉल्व उघडणारा कॅम एकच. 3000 आरपीएमला म्हणजे मिनिटाला 1500 श्वास, सेकंदाला 25!

नवीन पोरं चुकतात ती टॅपेट सेट करताना, म्हणजे वॉल्व दाबणारा रॉकर आणि वॉल्वचा दांडा यांच्यातली बारीक गॅप जुळवताना. क्रँकच्या टोकाला बसवलेल्या मॅग्नेटवरची 'टी' खूण जुळली की पिस्टन वरच्या टोकाला असतो, पण तो तिथे दोनदा येतो ना, एकदा श्वास रोखून आणि एकदा उच्छ्वास संपताना. दुसऱ्या वेळी एक्झॉस्ट पूर्ण मिटलेला नसतो आणि इनटेक किलकिला झालेला असतो, त्यामुळे रॉकर टाईट लागतात. तिथेच गॅप सेट केली तर वॉल्व आधीच दाबलेला असताना जागा मोजली, मग सगळंच चुकलं. म्हणून खूण जुळली की दोन्ही रॉकर बोटाने हलवून बघायचे. थोडे खडखडले तर श्वास रोखलेला आहे, गॅप मोजायची पातळ पट्टी, म्हणजे फीलर गेज, घाला. हलत नसतील तर क्रँक अजून एक पूर्ण फेरी फिरवा. हे सगळं इंजिन थंड असतानाच.

गॅप जास्त राहिली तर वरून टिकटिक ऐकू येते, ते परवडलं. गॅप कमी राहिली तर आवाज येत नाही, पण गरम झाल्यावर वॉल्वचा दांडा लांबतो, दार पूर्ण मिटत नाही आणि रोखलेला श्वास गळतो. मग गाडी गरम असताना किक मारून मारून पाय दुखतो, आणि तसंच दामटलं तर एक्झॉस्ट वॉल्वची कड जळते, मग हेड खोलावंच लागतं.