द्विदिश सांत ऑटोमॅटन

द्विदिश सांत ऑटोमॅटन म्हणजे असे मर्यादित अवस्थांचे यंत्र, ज्याचे वाचक-शीर्ष इनपुट फितीवर उजवीकडे तसेच डावीकडेही सरकू शकते. फितीच्या दोन्ही टोकांना सीमाचिन्हे असतात. फितीवर काहीही लिहिता येत नाही. तोच मजकूर हवा तितक्या वेळा वाचण्याची मुभा असूनही हे यंत्र केवळ नियमित भाषाच ओळखते, म्हणजे एकदिश यंत्राच्या पलीकडे त्याची मजल जात नाही.

या निष्कर्षाचे श्रेय साधारणतः मायकेल राबिन यांना देतात. राबिन व डेना स्कॉट यांचा लेख आणि जे. सी. शेफर्डसन यांचा लेख आयबीएमच्या संशोधनपत्रिकेच्या १९५९ च्या एकाच अंकात आले, त्यामुळे संदर्भग्रंथांत कधी एकाचे, कधी तिघांचे नाव आढळते. शेफर्डसन यांची सिद्धता पर्यायी म्हणून मांडलेली होती, पण पुढे तीच अधिक रूढ झाली. काही पाठ्यपुस्तके त्याऐवजी ‘ओलांडणी-क्रम’ वापरतात: दोन चौकटींमधली सीमा शीर्षाने कोणकोणत्या अवस्थांत ओलांडली, याची यादी. त्या मार्गाने अनिश्चित यंत्र मिळते, म्हणजे एकाच अवस्थेत एकाच अक्षरावर ज्याला अनेक पर्यायी पावले असू शकतात असे; निश्चित यंत्राला प्रत्येक वेळी एकच पाऊल असते. निश्चित यंत्र थेट हवे असेल, तर शेफर्डसन यांची रीत अधिक सरळ वाटते.

तिचा गाभा असा. फितीचा डावीकडचा काही भाग झाकून ठेवला, तर उरलेल्या भागाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व एवढेच: झाकलेल्या भागाच्या शेवटच्या अक्षरावर शीर्ष अमुक अवस्थेत परत आले, तर ते कोणत्या अवस्थेत पुन्हा उजवीकडे बाहेर पडेल? की आतच थांबेल किंवा फिरत राहील? प्रत्येक अवस्थेसाठी याचे एक उत्तर असते. त्यांत ‘पहिल्यांदा कोणत्या अवस्थेत बाहेर पडते’ हे आणखी एक उत्तर मिळवले की त्या भागाचा तक्ता पूर्ण होतो. अवस्था n असतील तर प्रत्येक उत्तराचे n+१ पर्याय होतात, म्हणून तक्ते (n+१)ⁿ⁺¹ पेक्षा जास्त असूच शकत नाहीत. मजकूर कितीही लांब असो, तक्त्यांची संख्या ठरलेलीच राहते.

उदाहरणार्थ, अ आणि ब या दोनच अक्षरांचे शब्द घेऊ आणि शेवटून तिसरे अक्षर अ आहे का, ते तपासू. यंत्र प अवस्थेत उजव्या टोकापर्यंत जाते आणि त१ अवस्था घेऊन मागे फिरते. पुढच्या डाव्या पावलाला त२, त्यानंतर त३. त३ मध्ये अ दिसला तर स अवस्थेत उजवीकडे निघून शब्द स्वीकारते, ब किंवा डावे सीमाचिन्ह दिसल्यास तिथेच थांबते. पाच अवस्थांत काम भागते.

आता ‘बअब’ या पूर्वभागाचा तक्ता पाहा. त१ मध्ये आत गेल्यास यंत्र पहिल्या ब वर अडकते, त२ मध्ये गेल्यास स होऊन बाहेर येते, त३ मध्ये गेल्यास लगेच अडकते. पुढे अ जोडला की नवा तक्ता असा काढायचा: नव्या अ वर त१ असेल तर यंत्र त२ होऊन जुन्या भागात शिरते, आणि जुना तक्ता सांगतो की ते स होऊन परत येईल. त२ असेल तर त३ होऊन शिरते व अडकते. त३ असेल तर समोर अ असल्याने थेट स. जुने तीन अक्षरी चित्र कुठेही उलगडावे लागले नाही. नवा तक्ता जुना तक्ता आणि नवे अक्षर यांवरूनच निघतो, म्हणून तक्त्यांनाच अवस्था मानून एकदिश निश्चित यंत्र उभे राहते. इथे ते आठ अवस्थांचे होते. यापेक्षा लहान यंत्र शक्य नाही, कारण शेवटच्या तीन अक्षरांच्या आठही शक्यता वेगळ्या ठेवणे भागच आहे. तिसऱ्याऐवजी दहावे अक्षर विचारले, तर द्विदिश यंत्राला १२ अवस्था लागतात, एकदिश निश्चित यंत्राला १०२४.

वरच्या उदाहरणात यंत्र जुन्या भागातून एकदाच परत येते. सर्वसाधारण यंत्र नव्या अक्षरावरून पुन्हा पुन्हा आत-बाहेर करू शकते. त्या वेळी नव्या अक्षरावर कोणतीही अवस्था दुसऱ्यांदा दिसली, की यंत्र अनंत फेऱ्यात सापडले असे धरून तक्त्यात ‘बाहेर येत नाही’ अशी नोंद करतात. ही दक्षता विसरल्यास रूपांतर अपुरे राहते.

सिद्धतेचा सारा भार ‘फक्त वाचन’ या अटीवर आहे. दुसऱ्या भेटीत तोच भाग बदललेला असेल, तर तक्ता निरुपयोगी ठरतो. फितीवर ठेवता-उचलता येणारा एक खडा दिला तरी भाषा नियमितच राहतात (ब्लम व ह्युइट, १९६७), मात्र दोन शीर्षे दिल्यास ‘काही अ, त्यानंतर तितकेच ब’ हे ओळखता येते. फ्रेवाल्ड्स यांनी १९८१ मध्ये दाखवले की नाणेफेक करणारे एकशीर्ष द्विदिश यंत्रही अत्यल्प चुकीने हेच साधते.

आकाराविषयी, कापुत्सिस यांनी २००५ मध्ये निश्चित द्विदिश यंत्रापासून निश्चित एकदिश यंत्रापर्यंतची अचूक मर्यादा n(nⁿ − (n−१)ⁿ) अशी दिली. अनिश्चित द्विदिश यंत्राचे निश्चित द्विदिश यंत्र करताना अवस्था बहुपदी मर्यादेत राहतात का, हा साकोडा व सिप्सर यांनी १९७८ मध्ये विचारलेला प्रश्न मात्र अद्याप अनुत्तरित आहे.