उन्नत कोन, अवनत कोन आणि न काढलेली आडवी रेघ

'उंची आणि अंतरे' या प्रकरणातली गणितं तपासताना एकच चूक मला इतक्या वेळा दिसते की शेवटी ती लिहून काढायची ठरवली. गुणोत्तरं पाठ असतात, √3 चा छेद बरोबर हलवलेला असतो, उत्तराला एकक लावलेलं असतं. आकृतीत कोन मात्र भलत्याच जागी बसलेला असतो, आणि मग पुढची सगळी मेहनत वाया जाते.

उन्नत कोन बहुतेकांना जमतो. आपण खाली, वस्तू वर. डोळ्यापासून आडवी रेषा, डोळ्यापासून वस्तूपर्यंत दृष्टिरेषा, त्या दोघींमधला कोन. इथे फक्त शब्द नीट वाचावे लागतात. 'मनोऱ्याच्या पायथ्यापासून 20 मीटर अंतरावरील एका बिंदूपासून शिखराचा उन्नत कोन 60° आहे' या वाक्यात 'पासून' दोनदा आलंय. पहिलं अंतर सांगतं, दुसरं पाहणारा कुठे आहे ते. कोनाचा शिरोबिंदू पाहणाऱ्याच्या जागी. 'शिखराचा' वाचून कोन शिखरावर काढायचा नाही, कारण 'चा' फक्त दृष्टिरेषा कुठे पोहोचते तेवढं सांगतो.

खरी अडचण अवनत कोनाची. आता आपण वर गच्चीवर, वस्तू खाली, आणि समजा अवनत कोन 30° दिलाय. शिरोबिंदू अजूनही पाहणाऱ्याकडेच, त्यामुळे पेन्सिल गच्चीवर टेकवली जाते. इथवर बरोबर. पण तिथून दोनच रेघा निघालेल्या असतात, खाली जाणारी भिंत आणि तिरकी दृष्टिरेषा. मग त्या दोघींमध्ये 30° लिहून मोकळं व्हायचं! तो अवनत कोन नव्हे, त्याचा कोटिकोन आहे, म्हणजे 60°. अवनत कोन आडव्या रेषेपासून खाली मोजतात, आणि ती रेषा त्रिकोणाच्या बाहेर, वरच्या बाजूला असते. ती काढलीच नाही तर कोन बसणार कुठे?

आता दोन्ही कोन असलेलं एक उदाहरण घेऊ. 12 मीटर उंच इमारतीच्या गच्चीवरून समोरच्या मनोऱ्याच्या शिखराचा उन्नत कोन 60° आणि पायथ्याचा अवनत कोन 30° आहे. जमीन सपाट आहे. मनोऱ्याची उंची किती?

आधी गच्चीच्या कडेपासून मनोऱ्यापर्यंत तुटक आडवी रेघ काढा. माझ्या मते इमारत आणि मनोरा काढल्यावर लगेच हीच रेघ यायला हवी. तिच्या वर 60°, खाली 30°. ही रेघ आणि जमीन समांतर आहेत, दृष्टिरेषा त्यांना छेदते, म्हणून व्युत्क्रम कोन समान. तेव्हा मनोऱ्याच्या पायथ्याशी, जमीन आणि दृष्टिरेषा यांच्यातही 30° आलाच. म्हणजे पायथ्याशी उभं राहून गच्चीकडे पाहिलं तर तोच उन्नत कोन. एवढं लक्षात आलं की अवनत कोनाचं गणित उन्नत कोनाचंच होऊन जातं. इमारत आणि मनोरा यांच्यामधलं आडवं अंतर d धरा.

tan 30° = 12/d, म्हणून d = 12√3, साधारण 20.8 मीटर.

तुटक रेघेच्या वरचा भाग x असेल तर tan 60° = x/d, म्हणून x = 12√3 × √3 = 36.

मनोरा 36 + 12 = 48 मीटर. हे 12 मिळवायला विसरणारेही असतात, पण तुटक रेघ काढलेली असेल तर मनोऱ्याचे दोन तुकडे डोळ्यांसमोर दिसतात. आणि कृपा करून √3 ची किंमत शेवटच्या पायरीपर्यंत घालू नका. 1.73 आधीच घातलं की 48 ऐवजी 47.91 हाती येतं, आणि आपलं काहीतरी चुकलं म्हणून मुलं बरोबर केलेलं गणित खोडतात.

आता 30° भिंतीला चिकटवला तर काय होतं पाहा. tan 30° = d/12, d सात मीटरपेक्षाही कमी, x बारा, आणि मनोरा 24 मीटर. नेमका निम्मा. उत्तर पूर्णांकात येतं म्हणून शंकाही येत नाही. पण ही चूक न सोडवताही पकडता येते. अवनत कोन 45° असता तर आडवं अंतर आणि गच्चीची उंची सारखीच असती. 30° म्हणजे नजर त्याहून कमी झुकलेली, म्हणून पायथा 12 मीटरपेक्षा लांबच असायला हवा. d बाराच्या आत आला की कोन चुकीच्या रेघेला लावलाय. उत्तर खोडण्याआधी आकृतीत ती तुटक रेघ आहे का, ते बघा.