एका सेलमध्ये तीन ओळी: Alt+Enter आणि रॅप टेक्स्टची पार्श्वभूमी

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आले की नागपुरातल्या कार्यालयांत एक्सेलमधली माहितीची प्रपत्रे फिरू लागतात. शेवटचा स्तंभ बहुधा 'शेरा' असतो आणि एका प्रकरणाचे सगळे टप्पे त्याच एका सेलमध्ये, पण वेगवेगळ्या ओळींवर हवे असतात. वरच्या कार्यालयात पाठवताना व्यवस्थित दिसणारे हे शेरे एकत्रित तक्त्यात एकमेकांना चिकटून जातात. या तक्रारीचे मूळ बरेच मागचे आहे.

हाताच्या टंकलेखन यंत्रावर डावीकडचा दांडा ढकलला की दोन गोष्टी एकदम होत असत: कागद एक ओळ वर सरके आणि गाडा पुन्हा सुरुवातीला येई. टेलिप्रिंटरमध्ये या दोन्हींना स्वतंत्र संकेत होते. संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या १९६३च्या आस्की संकेतावलीतही ते वेगळेच ठेवले गेले: गाडा परत आणण्यासाठी १३ आणि ओळ सरकवण्यासाठी १०. एक्सेलच्या सेलमध्ये नवी ओळ म्हणजे आजही हाच १० क्रमांक. तो अक्षरासारखाच मजकुरात बसलेला असतो, फक्त दिसत नाही.

१९७९च्या व्हिसिकॅल्कपासून स्प्रेडशीटमध्ये Enterला वेगळेच काम मिळाले. लिहिलेले सेलमध्ये टाका आणि संपवा, हे ते काम. आकड्यांच्या जगात ते बरोबरच होते. लोटस १-२-३ मध्ये लांब मजकूर शेजारचे सेल रिकामे असतील तर त्यांच्यावर पसरायचा, नाहीतर कापलेला दिसायचा. पुढे सेलमध्ये पत्ते, शेरे, अटी असा मजकूर येऊ लागला तेव्हा Enter आधीच गुंतलेले होते, म्हणून जोडकळ लागली. ती प्रत्येक कार्यक्रमात वेगळी निघाली. विंडोजवरच्या एक्सेलमध्ये Alt+Enter. लिबरऑफिस कॅल्कमध्ये मात्र Ctrl+Enter, आणि तीच जोडकळ एक्सेलमध्ये निवडलेल्या सगळ्या सेलमध्ये तोच मजकूर भरते. दोन्ही कार्यक्रम वापरणाऱ्याची बोटे इथे हमखास फसतात. गुगल शीट्समध्ये दोन्ही चालतात.

खरा वाद पुढच्या निर्णयाचा आहे. नवी ओळ मजकुरात आहे, पण ती ओळ म्हणून दाखवायची की नाही हे सेलच्या स्वरूपावर सोपवले गेले. रॅप टेक्स्ट चालू असेल तर सेल मजकूर अनेक ओळींत मांडतो. स्तंभाची रुंदी संपली की तो वळवतो आणि १० क्रमांक आला की तिथेही तोडतो. रॅप टेक्स्ट बंद असेल तर सेलला एकच ओळ माहीत असते. मग १० क्रमांक जागेवर असूनही काहीच करत नाही.

२००७ मध्ये आलेल्या xlsx फाइलमध्ये ही फारकत उघडी पाहता येते. ती फाइल म्हणजे एक झिप गठ्ठाच. तो उघडला तर मजकूर, त्यातल्या ओळींसकट, sharedStrings.xml मध्ये सापडतो, आणि रॅपची खूण styles.xml मध्ये:

```
<alignment wrapText="1"/>
```

दोन वेगळ्या जागा, म्हणून एक गोष्ट दुसरीशिवाय प्रवास करू शकते. हे तत्त्व म्हणून मला मान्य आहे, कारण मजकूर आणि मांडणी वेगळी ठेवल्यानेच एकाच तक्त्याचे दोन छापील नमुने काढता येतात. न पटणारी गोष्ट दुसरी आहे. Alt+Enter दाबले की एक्सेल स्वतःहून रॅप टेक्स्ट चालू करते, त्यामुळे ती जोडकळच ओळी पाडते असा समज होतो. तीच ओळ सूत्रातून आली तर एक्सेल हा उपकार करत नाही. एक्सेल २००३ आणि त्याआधी रॅप बंद असले की त्या जागी एक छोटा चौकोन दिसायचा. लोक त्याला वैतागायचे, पण इथे काहीतरी आहे एवढे तो सांगायचा. नंतर चौकोन गेला. आता शब्द नुसते चिकटतात, आणि हे जास्त वाईट.

एक प्रकरण घेऊ. काटोलच्या तक्त्यात शेऱ्याच्या सेलमध्ये Alt+Enter वापरून तीन ओळी लिहिल्या: 'प्रस्ताव प्राप्त', 'त्रुटी कळवल्या', 'पूर्तता बाकी'. तिथे सगळे ठीक दिसते. नागपूरला एकत्रीकरण करणारा लिपिक सीमारेषा आणि रंग बिघडू नयेत म्हणून फक्त मूल्ये पेस्ट करतो. मूल्यांबरोबर १० क्रमांक येतो, रॅपची खूण काटोलच्याच फाइलमध्ये राहते. सेलमध्ये आता 'प्रस्ताव प्राप्तत्रुटी कळवल्यापूर्तता बाकी' असे दिसते. तो मधे मोकळ्या जागा टाकून दुरुस्त करायला बसतो आणि तिथे काम वाढते, कारण ओळी हरवलेल्याच नाहीत. वरचा सूत्रपट्टा खाली ओढून रुंद केला की तिन्ही ओळी दिसतात. खात्री करायची तर, शेरा F2 मध्ये आहे असे धरून:

```
=LEN(F2)-LEN(SUBSTITUTE(F2,CHAR(10),""))
```

उत्तर २ आले म्हणजे दोन ओळतोडी शाबूत आहेत. उपाय फक्त स्तंभ निवडून Home वरचे Wrap Text दाबणे, कळफलकावरून Alt, H, W. उत्तर ० आले तरच ओळी खरोखर गेलेल्या असतात.

टप्पे तीन वेगळ्या स्तंभांत असतील आणि जोडून एका सेलमध्ये हवे असतील तर:

```
=C2&CHAR(10)&D2&CHAR(10)&E2
```

हे लिहून Enter दाबताच शब्द चिकटलेले दिसणार. सूत्र चुकलेले नसते, रॅप टेक्स्ट हाताने चालू करायचे राहिलेले असते. D2 रिकामा असेल तर मधे एक मोकळी ओळ येते. एक्सेल २०१९ पासूनचे TEXTJOIN रिकामे सेल गाळते:

```
=TEXTJOIN(CHAR(10),TRUE,C2:E2)
```

रॅप चालू करूनही एकच ओळ दिसत असेल तर रांगेची उंची पाहावी. ती कुणीतरी हाताने ठरवलेली असेल तर सेल वाढत नाही. रांगेच्या क्रमांकाखालच्या रेषेवर दोनदा क्लिक केले की उंची मजकुराप्रमाणे होते. मर्ज केलेल्या सेलना मात्र ही सोय नाही, त्यांची उंची हातानेच द्यावी लागते. शेरा स्तंभ मर्ज करण्याची आपल्याकडची हौस इथे नडते.

व्हॉट्सॲपवर आलेला तीन ओळींचा मजकूर सेल निवडून तसाच पेस्ट केला तर तो त्या सेलपासून खाली तीन सेलमध्ये विखुरतो. आधी F2 ही कळ दाबून सेलच्या आत शिरावे आणि मग पेस्ट करावे.

मजकूर ऑनलाइन प्रणालीत चढवण्यासाठी ओळी काढूनच टाकायच्या असतील तर शोधा-बदला चौकटीत शोधायच्या जागी Ctrl+J दाबावे. तिथे बारीक लुकलुकणाऱ्या ठिपक्यापलीकडे काही दिसत नाही, पण १० क्रमांक बसलेला असतो. बदलीत स्वल्पविराम आणि मोकळी जागा द्यावी. बदली रिकामी ठेवली तर शब्द खरोखरच चिकटतात, आणि मग रॅप टेक्स्ट कितीही वेळा दाबले तरी ते सुटत नाहीत.