नायट्रिकच्या थेंबाला 18 आणि 22 कॅरेट सारखेच

बिलावर 22 कॅरेट लिहिलेली 20 ग्रॅमची बांगडी प्रत्यक्षात 18 कॅरेटची निघाली, तर तिच्यात साधारण 18.3 ग्रॅमऐवजी 15 ग्रॅमच सोनं असतं. म्हणजे सव्वातीन ग्रॅम सोन्याचे पैसे फुकट गेले. घरी सोनं तपासणाऱ्या बहुतेकांच्या मनात पितळेची भीती असते, पण मला ही दुसरी फसवणूक जास्त गंभीर वाटते. कारण घरच्या चाचण्यांमधून ती अलगद निसटते.

चुंबकाची गोष्ट लवकर संपते. लोखंड, निकेल आणि कोबाल्ट चुंबकाला चिकटतात. सोनं चिकटत नाही, पण तांबं, चांदी, पितळ आणि शिसंही चिकटत नाही. बांगडी चुंबकाकडे जोरात ओढली गेली तर आत यांपैकी एखादा धातू, बहुधा लोखंड, आहे एवढं नक्की. ओढली गेली नाही तर काहीच सिद्ध होत नाही. उलट, अस्सल सोन्याच्या साखळीचा फासा कधीकधी चिकटतो, कारण त्याच्या आतली बारीक स्प्रिंग पोलादाची असते. म्हणून चुंबक फाशापासून दूर, साखळीच्या कड्यांना लावून पाहावा.

आता आम्ल. पितळेवर नायट्रिक आम्लाचा थेंब टाकला की बुडबुडे येतात आणि थेंब हिरवा-निळा होतो, कारण पितळेतलं तांबं विरघळतं. सोन्यावर असं काही होत नाही. पण बांगडीवर सोन्याचा मुलामा असेल तर थेंब फक्त त्या मुलाम्यालाच भेटतो. ‘वन ग्रॅम’च्या दागिन्यांचा थर मायक्रॉनमध्ये मोजावा लागतो, तरी तो सलग असेल तर खालचं पितळ झाकायला पुरतो. खरं उत्तर हवं असेल तर कानशीने खोल खाच पाडून तिच्यात थेंब टाकावा लागतो, आणि मग दागिन्याला कायमचा डाग राहतो.

खाच पाडली तरी आपली 18 कॅरेटची बांगडी पकडली जात नाही. 18 कॅरेटमध्ये वजनाने 75 टक्के सोनं असतं. सोन्याचा अणू तांब्याच्या अणूच्या तिप्पट जड असल्यामुळे, मिसळ फक्त तांब्याची असेल तर अणूंची संख्या जवळपास निम्मी-निम्मी होते. आम्ल पृष्ठभागावरचे थोडे तांब्याचे अणू उचलतं, पण त्यांच्या मागे सोन्याचे अणू कुंपणासारखे उभे असतात. आत शिरायला सलग वाट मिळत नाही आणि क्रिया थांबते. 22 कॅरेटमध्ये हे कुंपण आणखी दाट असतं, म्हणून दोन्ही बांगड्यांवर थेंब सारखाच स्वच्छ राहतो. 9-10 कॅरेटच्या मिश्रधातूवर मात्र तो रंग बदलतो.

घासून पाहण्याची चाचणी यापेक्षा बरी, पण ती सराफाच्या हातात. घरी लोक टाइलच्या खडबडीत मागच्या बाजूवर दागिना घासतात आणि पिवळी रेघ दिसली की निश्चिंत होतात. पितळेची रेघही पिवळसरच उठते आणि मुलाम्याची तर सोन्याचीच असते. सराफ कसोटीच्या काळ्या दगडावर दागिन्याची रेघ ओढतो आणि शेजारी ज्ञात कसाच्या सोन्याची. मग दोन्हींवर एकच आम्ल लावून कोणती आधी फिकी पडते ते बघतो. हे आम्ल नुसतं नायट्रिक नसतं. जास्त कसासाठी त्यात हायड्रोक्लोरिक मिसळलेलं असतं, कारण त्या जोडीपुढे सोनंही विरघळतं. बाजारात मिळणाऱ्या चाचणीसंचातल्या ‘22’ च्या बाटलीत हेच असतं. बाटली जुनी झाली की तिच्यातले वायू उडून जातात आणि जोर ओसरतो. मग 18 कॅरेटची रेघही टिकून राहते आणि माणूस तिला 22 समजून बसतो. शिवाय दागिना उजळताना आम्लात बुडवला असेल तर वरच्या कातडीतलं तांबं निघून गेलेलं असतं. पहिली रेघ आतल्या धातूपेक्षा जास्त कस दाखवते, म्हणून जाणकार आधी ती जागा कानशीने घासून घेतो.

हे आम्ल घरात न आणलेलंच बरं. त्याने कातडी भाजते आणि त्याचा वायू फुप्फुसांना घातक असतो. लिंबू किंवा व्हिनेगर सुरक्षित आहे, पण ते पितळेला फार तर चकचकीत करतं.

नव्या दागिन्यावर बीआयएसचं चिन्ह, 22K916 हा शुद्धतेचा शिक्का आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी शोधावा. तो क्रमांक BIS Care अॅपमध्ये टाकला की येणारी माहिती हातातल्या दागिन्याशी जुळते का ते पाहावं. शिक्का नसलेला जुना दागिना हॉलमार्किंग केंद्रात नेता येतो. तिथल्या क्ष-किरण यंत्रात दागिन्याला ओरखडाही पडत नाही, पण तेही पृष्ठभागाजवळचाच पातळ थर वाचतं.

आतल्या कसाचा निर्णायक निकाल अग्निपरीक्षा देते. दागिन्याचा छोटा कण तोलून, चांदीसह शिशाच्या पत्र्यात गुंडाळून भट्टीत तापवतात. तांबं आणि शिसं सच्छिद्र वाटीत शोषलं जातं आणि सोन्या-चांदीचा मणी उरतो. चांदी मुद्दाम इतकी घातलेली असते की मण्यात सोनं फक्त चौथ्या हिश्शाच्या आसपास राहावं. आता कुंपण विरळ झालेलं असतं. मणी चपटा करून नायट्रिक आम्लात उकळला की सगळी चांदी विरघळते आणि उरलेलं सोनं पुन्हा तोलता येतं.