माझाच आवाज मला परत का येतो?

रविवारी संध्याकाळी आमचा घरगुती व्हिडिओ कॉल असतो. मी पुण्यात, बहीण न्यू जर्सीत, आई साताऱ्यात. गेल्या महिन्यात मी "आई, ऐकू येतंय का?" म्हटलं की क्षणभराने माझंच "येतंय का?" मला ऐकू यायचं. मी तातडीने नवा हेडफोन आणला आणि पुढच्या रविवारी तो लावून बसलो. आवाज तसाच घुमत राहिला.

पैसे वाया गेले ते एका गैरसमजामुळे. आपला आवाज आपल्याला परत येतो तेव्हा दोष बहुतेक वेळा आपल्याकडे नसतोच. माझा आवाज आईच्या फोनच्या स्पीकरमधून बाहेर पडतो, तिच्याच माइकमध्ये शिरतो आणि उलट वाटेने माझ्याकडे येतो. म्हणजे हेडफोन आईने लावायला हवा. मी लावलेल्या हेडफोनचा फायदा आईला आणि बहिणीला, मला नाही. हे उलटं गणित व्हिडिओ कॉलच्या फार आधीपासूनचं, टेलिफोनच्या तारांच्या काळातलं आहे.

जुन्या टेलिफोनमध्ये बोलणाऱ्याला स्वतःचा आवाज रिसीव्हरमध्ये ऐकू यायचाच, आणि तो मुद्दाम ठेवलेला असायचा. त्याशिवाय फोन 'मेला' असं वाटतं. तो लगेच ऐकू येत असल्यामुळे खटकत नसे. खटकतो तो उशीर. घरापर्यंत येणारी लाइन दोन तारांची, लांब पल्ल्याची मात्र चार तारांची, म्हणजे जाणारा आणि येणारा आवाज वेगळा. जिथे या दोन लाइन जुळतात तिथे थोडा आवाज निसटून परत फिरतो. लाइन जितकी लांब तितका तो उशिरा पोहोचतो. अमेरिकेत बेल कंपनीच्या अभियंत्यांनी 1920 च्या दशकातच यावर एक तोडगा काढला. एक माणूस बोलत असताना उलट दिशेची वाट तात्पुरती दाबून टाकायची. या यंत्राला इको सप्रेसर म्हणत. साधा पहारेकरी म्हणा ना: एकाला आत घेताना दुसऱ्याला दाराबाहेर थांबवणारा.

उपग्रह आले आणि हा पहारेकरी अपुरा पडला. 1965 साली 'अर्ली बर्ड' हा पहिला व्यावसायिक संपर्क उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर गेला. आवाज वर जाऊन खाली यायचा म्हणजे 72,000 किलोमीटर, प्रकाशाच्या वेगानेही जवळपास पाव सेकंद. प्रतिध्वनीला तेच अंतर परत कापायचं असतं, म्हणजे एकूण अर्धा सेकंद. इतक्या उशिराने स्वतःचेच शब्द कानावर आले की माणूस अडखळतो. आपल्याकडे 1971 मध्ये जुन्नर तालुक्यातल्या आर्वीला देशाचं पहिलं व्यावसायिक उपग्रह भूस्थानक सुरू झालं. पुढे आयएसडी बूथवरून परदेशी बोलणाऱ्यांना तो अर्ध्या सेकंदाचा खेळ चांगलाच माहीत झाला: दोघंही एकदम बोलतात, दोघंही एकदम थांबतात, आणि मीटर पळत राहतो. दोघं एकदम बोलले की पहारेकरीही गोंधळतो आणि शब्दांचे तुकडे पाडतो.

खरी कल्पना बेल कंपनीच्या संशोधनशाळेत, बेल लॅब्जमध्ये, 1960 च्या दशकात सुचली. जॉन केली आणि बेन लोगन यांनी म्हटलं, वाट दाबू नका, प्रतिध्वनी वजा करा. पलीकडून आलेला आवाज आपल्याला आधीच माहीत असतो. तो परत फिरताना किती उशिराने आणि किती क्षीण होऊन येतो याचा अंदाज यंत्राने सतत बांधायचा, तसाच नकली प्रतिध्वनी तयार करायचा आणि परतीच्या आवाजातून काढून टाकायचा. अंदाज चुकला तर काहीतरी उरतं, आणि त्या उरलेल्यावरून यंत्र अंदाज सुधारतं. याच यंत्राचं तपशीलवार विवेचन 1967 मध्ये मनमोहन सोंढी यांनी प्रसिद्ध केलं. भारतात जन्मलेले आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले सोंढी तेव्हा बेल लॅब्जमध्ये होते. यंत्र मात्र महागडं होतं. 1980 च्या सुमारास ते एका चिपवर मावलं, तेव्हा कुठे त्याचा सर्रास वापर परवडण्याजोगा झाला.

तारांमधला प्रतिध्वनी बराचसा स्थिर असतो, खोलीतला नसतो. स्पीकरमधला आवाज थेट माइकवर पोहोचतो, मग भिंतीवरून, मग लोखंडी कपाटावरून, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या उशिराने. एक मीटर जायला आवाजाला साधारण तीन मिलिसेकंद लागतात. कोणी खुर्ची सरकवली किंवा फोन उचलून कानाजवळ नेला की सगळा अंदाज बदलतो आणि क्षणभर आवाज घुमतो. दोघं एकदम बोलत असले तर यंत्राने शिकणं थांबवावं लागतं, नाहीतर ते माणसाच्या आवाजालाच प्रतिध्वनी समजू लागतं.

हे सगळं घराघरांत पोहोचायला ब्राउझरही कारणीभूत ठरला. स्टॉकहोममध्ये सुरू झालेली जीआयपीएस नावाची कंपनी आवाजाचं असंच सॉफ्टवेअर करत असे. गूगलने ती 2010 मध्ये घेतली आणि 2011 मध्ये वेबआरटीसी या नावाने ते तंत्र ब्राउझरमध्ये वापरायला सर्वांसाठी खुलं केलं. ब्राउझरमधून माइक घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये `echoCancellation` असा एक पर्याय असतो, तो हाच.

आता साताऱ्याकडे. आईच्या फोनमध्ये ही सोय होतीच, मग घुमत का होतं? मी फोन न ठेवता एक चाचणी घेतली. बहिणीला म्हटलं, "तू म्यूट कर." फरक नाही. आईला म्यूट करायला लावलं, तरीही फरक नाही! मग कळलं की भाचा आईच्याच खोलीत लॅपटॉपवरून त्याच कॉलमध्ये बसला होता, आणि त्याचा माइक चालू होता. फोनच्या स्पीकरमधून निघालेला माझा आवाज लॅपटॉपचा माइक पकडत होता. लॅपटॉप फक्त स्वतःच्या स्पीकरमधून काय निघालं तेवढंच वजा करू शकतो. शेजारच्या फोनमधून काय आणि कधी निघालं हे त्याला कळणार कसं? भाच्याने लॅपटॉपचा माइक आणि आवाज दोन्ही बंद केले आणि घुमणं थांबलं. ब्लूटूथ स्पीकर लावला तरी असाच गोंधळ होऊ शकतो, कारण तिथे आवाज उशिरा निघतो आणि तो उशीर कमीजास्त होत राहतो.

मोठ्या कॉलमध्ये मी आता एकच प्रश्न विचारतो: "कोणाला आवाज परत येत नाहीये?" जो गप्प आणि सुखी आहे, बहुधा त्याच्याच खोलीत स्पीकर मोठा आहे.

हेडफोनने ही सगळी गणितं टळतात, कारण स्पीकरपासून माइकपर्यंतची हवेतली वाटच तुटते. बहिणीची मुलगी पुण्यातल्या बाईंकडे ऑनलाइन गाणं शिकते. तिथे प्रतिध्वनी काढणाऱ्या यंत्राचा उलटा त्रास होतो. बाई आणि ती एकदम सूर लावतात तेव्हा एकीचा आवाज दबतो, आणि गोंगाट कमी करणारी दुसरी सोय तानपुऱ्याच्या अखंड नादाला पंख्याची घरघर समजते. म्हणून दोघी हेडफोन लावतात आणि झूममध्ये `Original sound for musicians` चालू करून प्रतिध्वनी काढणारी सोयच बंद करतात. परवा ती हेडफोन विसरली, तेव्हा बाईंना पहिल्याच षड्जामागून स्वतःचा षड्ज ऐकू आला, आणि त्या म्हणाल्या, "आधी कानात घाल, मग गा."